काटेवाल्याचं महिन्याचं पत्र

महाल भागातल्या कोष्ट्यांच्या गल्ल्यांमध्ये लग्न ठरलं की तिघांना आधी निरोप जाई: आचारी, मांडववाला आणि महादेवराव पराते. आचारी आणि मांडववाला पोटासाठी येत. महादेवराव येत ते रुसलेल्यांसाठी. लग्न म्हटलं की कोणीतरी रुसणारच. जावयाला खुर्ची दुसऱ्या रांगेत मिळाली, मामाच्या फेट्याचा रंग फिका निघाला, आत्याबाईंना आहेराच्या वेळी कोणी हाकच मारली नाही. रुसलेला माणूस मांडवातून उठून घरी जाऊन बसे आणि मग यजमान घाबऱ्या घाबऱ्या म्हणत, "महादेवरावले बोलवा." महादेवराव कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात मिठाईचा डबा घेऊन जात. तासाभराने रुसलेला माणूस डोळे पुसत पंगतीत बसलेला असे. आजवर एकही रुसवा हातचा सुटला नाही, असं ते स्वतः सांगत, आणि न विचारता सांगत.

पोटाचा धंदा मात्र वेगळा. बाप हातमागावर बसला, पण महादेवरावांनी पोरवयातच माग सोडून पाना-पेचकस धरला. ते तराजू दुरुस्त करत. आधी लोखंडी, मग बॅटरीवर चालणारे, लाल आकड्यांचे. सरकारी परवाना होता. बाजारातल्या प्रत्येक काट्याला वर्षातून एकदा सरकारी शिक्का लागतो, त्याला बाजारात पासिंग म्हणतात. त्याआधी काटा उघडून, साफ करून, नीट करून द्यायचा, हे त्यांचं मुख्य काम. डाळ मिलवाले, संत्र्याचे आडते, किराण्याचे ठोक दुकानदार, उमरेडकडचे कोळशाचे डेपो असे त्यांचे साडेतीनशेच्या आसपास गिऱ्हाईक होते.

पण काटा ही चीज मोठी कृतघ्न. नीट चालला तर कोणाला काटेवाला आठवत नाही, आणि बिघडला तर लोक काट्यावरच्या स्टिकरवरचा नंबर फिरवतात. तो स्टिकर महादेवरावांचा राहिला असेल तर. दोन वर्षांपूर्वी शहरात एक कंपनी आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप, पायात बूट. त्यांची माणसं काटा पाहायच्या निमित्ताने आत शिरत, महादेवरावांचा स्टिकर नखाने खरवडून काढत आणि आपला चकचकीत चिकटवत. एका वर्षात सात मिल गेल्या. पुढच्या पासिंगला बाजाराला कोणाचा नंबर आठवेल, यावर आता महादेवरावांचं दुकान उघडं राहणार की बंद होणार, हे ठरणार होतं.

आठवण राहावी म्हणून महादेवरावांचा जुना उपाय होता. स्कूटर काढायची आणि दुकानाच्या दारात उभं राहून म्हणायचं, "इकडून चाललो होतो, म्हटलं पाहून जाव." पण आठवड्यात तिसऱ्यांदा कोणी इकडून चाललेलं असलं की शेठ आतल्या खोलीत गडप होतो. नोकर सांगतो, "शेठ बाहेर गेले," आणि शेठच्या चपला उंबऱ्यात पडलेल्या असतात.

"तुम्ही लोकायच्या उरावर बसून राहिले महादेवराव," कुसुमताईंनी एकदा तोंडावर सांगून टाकलं.

कुसुमताईंची टायपिंग इन्स्टिट्यूट महादेवरावांच्या दुकानासमोर. टंकयंत्रं आता कापड पांघरून झोपली होती आणि दोन कॉम्प्युटरवर लोकांचे दाखले, फॉर्म, निकाल निघत. कुसुमताई बोलायला तिखट आणि कामाला चोख.

"मंग काय करू? घरी बसून माळ जपू?"

"आमच्या प्रिंटरवाल्याकडून शिका. महिन्यातून एक ईमेल येते त्याचा. चार ओळी. कागद अडकला तं कसा काढाचा, शाई कशी सुकू द्याची नाही. बस. 'मले बोलवा' असं एकदाही नाही म्हटलं त्यानं. मागच्या महिन्यात प्रिंटर मेला. मी कोनाले बोलावलं असन?"

महादेवरावांना पटलं. म्हणजे पटलं असं त्यांनी दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी बिस्किटाच्या डब्यात जमवलेली व्हिजिटिंग कार्डं घेऊन ते समोर येऊन बसले.

कुसुमताईंनी कायदे आधीच सांगितले. एक: आधी फोन करून विचारायचं, महिन्याला एक पत्र पाठवीन, चालेल का. हो म्हणेल त्याचंच नाव यादीत. दोन: महिन्याचा पहिला मंगळवार, सकाळी दहा, वार चुकवायचा नाही. तीन: पत्रात गिऱ्हाईकाच्या कामाची एकच गोष्ट, तीही फुकट. चार: खाली नाव, काम आणि फोन. त्याउपर एक शब्द नाही.

"'सेवेची एक संधी द्यावी ही नम्र विनंती' एवढं तं टाका."

"नाही."

"हात जोडलेला फोटो?"

"नाही! आन सर्वात खाली ही ओळ राहीन: 'पत्र नको असल्यास इथे दाबा.' दाबलं की नाव आपोआप यादीतून जाते."

महादेवराव खुर्चीतून अर्धे उठले. "पाव्हण्याले पाटावर बसवता बसवता 'उठाचं असन तं दार तिकडे आहे' असं कोन सांगते वं बाई?"

"दार दिसते म्हणून तं पाव्हणा आरामात बसते," कुसुमताई म्हणाल्या. "आन ही पत्रं पाठवनारी जी कंपनी आहे, ते ह्या ओळीशिवाय पाठवतच नाही."

दुसऱ्या कारणापुढे महादेवराव परत खुर्चीत बसले. पहिलं कारण त्यांच्या कानावरून गेलं.

पहिलं पत्र तीनशे बारा जणांना गेलं. 'काट्याला वीस मिनिटं द्या' असं वरती विषयाच्या जागी. आत लिहिलं होतं, सकाळी काटा सुरू केल्या केल्या तोलू नका, गरम होऊ द्या, मग शून्य करा, मग तोला. दुसऱ्या महिन्यात: एकच वजन काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहा, आकडा बदलला तर काटा खोटं बोलतो. तिसऱ्यात: काट्याखाली तारांची जी छोटी डबी असते तिच्यात मुंग्या घर करतात, उघडून पाहा. हे पत्र वाचून एका किराणावाल्याने डबी उघडली, आत मुंग्यांचं अख्खं गाव पाहिलं, डबी तशीच बंद केली आणि महादेवरावांना फोन केला. कुसुमताईंच्या पडद्यावर दिसे, किती जणांनी पत्र उघडलं. दीडशेच्या वर. "अर्धा बाजार वाचून राहिला," असं महादेवराव चहाच्या टपरीवर सांगू लागले. सात गेलेल्या मिलांपैकी दोघांनी फोन करून उगाच हालहवाल विचारला. इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं, आणि नीट चाललेल्या गोष्टीत हात घालायची महादेवरावांना भारी खोड.

चौथ्या महिन्यात पडद्यावर एक नाव वेगळ्या रकान्यात दिसलं. बाबाराव झाडे, उमरेड रोडवरची डाळ मिल. इथे दाबा म्हटलं होतं, त्यांनी दाबलं होतं.

"रुसले," महादेवराव म्हणाले.

"रुसले कायचे? पत्र नाही पाहिजे त्याहिले. सोडून द्या."

"कुसुमताई, मांडवातून माणूस उठून गेला. सोडून कसं द्यायचं?"

आणि कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट निघाला. संत्रा बर्फीचा डबा घेतला. स्कूटर उमरेड रोडला लागली.

बाबाराव मिलच्या ओट्यावर हरभऱ्याचा नमुना तळहातावर घेऊन पाहत होते. महादेवरावांनी डबा पुढे केला आणि खालच्या आवाजात विचारलं, "बाबाराव, आमचं काय चुकलं?"

बाबारावांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माणसाकडे. "पोराचं लग्न ठरलं काय गा?"

"पत्र बंद केलं तुम्ही."

"कोनतं पत्र?"

"काट्याचं. पहिल्या मंगळवारचं."

बाबारावांनी पुष्कळ आठवलं. "हां! अरे बाप्पा, दिवसाले चाळीस ईमेल येते. बँकवाल्याचे, ट्रॅक्टरवाल्याचे. एका दुपारी सारेच बंद करून टाकले. त्यात गेलं असन तुझंबी."

"म्हणजे मनात काही नाही?"

"कायचं मनात?"

"मंग घ्या." महादेवरावांनी बर्फीचा तुकडा स्वतःच्या हाताने बाबारावांच्या तोंडात घातला, आणि त्या भरल्या तोंडाला म्हणाले, "तं पुन्हा सुरू करू?"

तोंडात बर्फी असताना नाही म्हणता येत नाही. गेलेल्याचं नाव यादीत परत घालायची कुसुमताईंना परवानगी नव्हती, ते ज्याचं त्यानेच भरावं लागे. म्हणून महादेवराव मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरमागे उभे राहिले आणि बाबारावांनी एकेक अक्षर शोधत आपलं नाव भरलं. मागून एखादा इन्स्पेक्टर उभा असावा तसं.

"झालं की नाही?" संध्याकाळी महादेवराव छाती फुगवून म्हणाले. कुसुमताईंनी कपाळाला हात लावला, पण समोरच्या गिऱ्हाईकाचा जातीचा दाखला अर्धवट होता.

पुढच्या महिन्यात चौघे गेले. चौघांकडे बर्फी गेली. संत्र्याचे आडते चंपतराव यांच्याकडे त्या दिवशी वडिलांची तेरवी होती. महादेवराव पंगतीत जेवले, हात धुतले, दुःख व्यक्त केलं आणि चंपतरावांना कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तेवढं ते पत्राचं काय झालं?" चंपतरावांनी डोकं तासलेलं, खांद्यावर पंचा, अशा अवस्थेत फोनवर आपलं नाव भरलं. पाहुण्यांना वाटलं, विम्याचा फॉर्म असेल.

त्यानंतर मात्र एकही नाव गेलं नाही. एक महिना, दोन महिने, पाच महिने. त्या रकान्यात मोठं शून्य. महादेवरावांनी त्या पानाची प्रिंट काढून घेतली आणि दुकानात काट्याच्या सरकारी परवान्याशेजारी लावली.

"पाहा सखू," बायकोला म्हणाले. "तीनशे माणसं आन एकही नाराज नाही. एवढं तं देवालेबी जमत नाही."

सखूबाई भाजी निवडत होत्या. "देव घरी नाही येत न इचाराले," त्या म्हणाल्या. महादेवरावांनी हे ऐकलं नाही. त्यांना फार कमी गोष्टी ऐकू येत.

कुसुमताईंना दुसरा एक आकडा दिसत होता. पत्र उघडणारे दीडशेचे नव्वद झाले, नव्वदचे चाळीस, आणि मग चौदा. त्यांनी दोनदा सांगितलं.

"सिझन आहे वं. लोकं कामात आहेत."

"सिझनमधे तं काटा जास्त चालते न महादेवराव?"

"तुम्हाले बाजार नाही समजत."

मग पासिंगचे दिवस आले. महादेवरावांनी पाने पुसून ठेवले, वजनांचे खोके घासले, फोन चार्जिंगला लावून समोर ठेवला. फोन शांत. पहिला आठवडा शांत. दुसऱ्या आठवड्यात वाजला तो सिलिंडरवाल्याचा. तिसऱ्या आठवड्यात ते उमरेड रोडने जात असताना त्यांना बाबारावांच्या मिलच्या दारात कंपनीची गाडी उभी दिसली. आत ओळखपत्रवाला पोरगा काट्यावर वाकलेला. महादेवराव थांबले नाहीत. त्यांनी स्कूटरचा कान पिळला आणि थेट धान्यबाजारातल्या टपरीवर रामाजींपुढे जाऊन बसले. रामाजी धान्याचे आडते, तीस वर्षांचे दोस्त.

"रामाजी, खरं सांग बे. पत्र येते का तुले?"

रामाजींनी चहा बशीत ओतला. "येत असन."

"असन म्हणजे?"

"रागावशील?"

"नाही."

"घरी येशील?"

रामाजींनी एक घोट घेतला. "पाय गा, पत्र चांगलं होतं तुझं. मुंग्यायचं तं मी भावाले वाचून दाखवलं. पन एखाद्याले नको वाटलं तं? ते खालचं बटन दाबलं की तू डबा घेऊन हजर. चंपतले तं तेरवीतबी नाही सोडलं. मंग कोनीतरी सांगितलं, का वरती दुसरं एक बटन आहे, स्पॅम. ते दाबलं तं पत्रंबी येत नाही आन पाठवनाऱ्याले नावबी कळत नाही. बाजारात साऱ्याइनं तेच दाबलं. मीबी."

"तूबी?"

"मले शुगर आहे. बर्फी कशी खाऊ?"

कुसुमताईंनी ऐकून घेतलं आणि आपली स्वतःची मेलपेटी उघडली. त्या दर महिन्याला एक प्रत स्वतःलाही पाठवत. चार महिन्यांपासून ती आली नव्हती आणि त्यांनीही शोधली नव्हती, हे त्यांनी कबूल केलं. ती स्पॅमच्या कप्प्यात सापडली. वर लॉटरी लागल्याचं पत्र, खाली परदेशातल्या कुठल्याशा मयत राजकुमाराच्या इस्टेटीचं, आणि दोघांच्या मध्ये: 'कूलरची हवा आणि काटा. महादेवराव पराते, महाल.'

"पन तुम्ही तं बटन नाही दाबलं," महादेवराव म्हणाले.

"मी नाही दाबलं. पन खूप लोकायनं दाबलं की मशीन समजते, हा माणूसच त्रास देणारा आहे. मंग ज्यानं दाबलं नाही त्याचंही पत्र तिकडेच टाकते. वाचनारे होते ना दीडशे, तेबी गेले." त्यांनी अजून एक पत्र दाखवलं, पत्रं पाठवणाऱ्या कंपनीचं. इंग्रजीत होतं. तुमच्याबद्दल तक्रारी फार आहेत, सुधारा, नाहीतर खातं बंद करू. "हे आजच आलं."

महादेवराव बराच वेळ त्या राजकुमाराकडे पाहत बसले.

"म्हणजे ते जे शून्य होतं..."

"दाराले कुलूप लावलं तुम्ही. मंग लोकं खिडकीतून उड्या मारून गेले."

महादेवरावांनी दुकानातली प्रिंट काढली. फाडली नाही, मागची बाजू कोरी होती. तिच्यावर त्यांनी कुसुमताईंच्या सांगण्यावरून नावं लिहायला घेतली. ज्यांनी कधीतरी पत्राला आपणहून उत्तर लिहिलं होतं, तेवढीच. अठ्ठावन्न निघाली. बाकी सगळी यादी कुसुमताईंनी पुसली. पुसताना महादेवराव दुसरीकडे तोंड करून बसले होते. अठ्ठावन्न जणांना त्यांनी गठ्ठ्याने नाही, कुसुमताईंच्या साध्या मेलवरून, एकेकाला नाव घालून लिहिलं. दोन दिवस लागले. मजकूर महादेवरावांनी सांगितला, कुसुमताईंनी त्यातले 'नम्र', 'कृपा' आणि 'ऋणी' हे शब्द काढून टाकले. उरलं ते असं: 'महिन्याला काट्याबद्दल चार ओळी पाठवतो. पाहिजे असतील तर 'हो' लिहा. नाही लिहिलं तर नाव काढीन. मी घरी येणार नाही.'

शेवटच्या वाक्यासाठी महादेवराव अर्धा तास भांडले. ते राहिलं.

एक्केचाळीस जणांनी 'हो' लिहिलं. नऊ जणांनी आधी लिहिलं, 'नक्की ना?'

त्या हंगामात त्यांच्या हाताला अकरा काटे लागले. बाकीचे कंपनीकडे गेले, आणि गेले म्हणजे गेले. दुकान उघडं राहिलं, पण शेजारचा अर्धा गाळा सोडावा लागला. पासिंगचा कागद देताना आता ते विचारत, पत्र पाहिजे का, आणि हो म्हणणाऱ्याचं नाव लिहून घेत. नाही म्हणणाऱ्याला 'काहून' असं विचारायचं त्यांच्या ओठांवर येई. ते तसेच ओठ मिटून पाने उचलत.

यादी साठच्या पुढे गेली तेव्हा पडद्यावर पुन्हा एक नाव 'पत्र नको'च्या रकान्यात सरकलं. कुसुमताईंनी ते आधी सांगितलंच नाही. मग सांगितलं.

नानाजी निखारे. गांधीबागेत सुताचं ठोक दुकान. आणि महादेवरावांच्या थोरल्या मुलीचे सासरे. इवाई!

जगात रुसवे पुष्कळ, पण इवायाचा रुसवा हा सगळ्या रुसव्यांचा राजा. त्याच्यासाठी गावं सोडली जातात, शेतं विकली जातात. घरी आल्या आल्या महादेवरावांचा हात आपोआप शर्टाच्या खुंटीकडे गेला. सखूबाई दारात उभ्या राहिल्या.

"कुठे?"

"कुठे नाही. शर्ट पाहून राहिलो, मळला का म्हणून."

"मळला नाही. ठेवा."

शर्ट खुंटीवर राहिला. पण रविवारी नानाजी नातवाला घेऊन जेवायला येणारच होते, ते ठरलेलं होतं. आले. महादेवरावांनी पाट मांडला, वरणावर तुपाची धार धरली, उन्हाळ्याबद्दल बोलले, आंब्याबद्दल बोलले, नळाला पाणी येत नाही त्याबद्दल तर फारच बोलले. नानाजी पानात खाली पाहून जेवत होते आणि मधूनमधून दचकत होते. महादेवरावांनी घसा साफ केला की त्यांचा घास थांबे. सखूबाईंनी बर्फीचा डबा आणला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी पान झाकलं.

"घ्या न, इवाई. घरचीच आहे," महादेवराव म्हणाले, आणि पुन्हा नळाच्या पाण्यावर आले.

बर्फी खाल्ली गेली. हात धुतले गेले. दारात चपला घालताना नानाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि बळेच सहज आवाज काढला. "महादेवराव, एक काम होतं. दुकानातला काटा दोन दिवसांपासून स्थिर होऊन नाही राहिला. आकडा नुसता नाचून राहिला. कंपनीच्या पोट्ट्याले बोलावलं, तो म्हणते उद्या येतो."

"समोर कूलर आहे काय?"

"आहे न. परवाच बसवला."

"त्याचं तोंड फिरवा. हवा काट्याच्या पाट्यावर आली की आकडा नाचते. नाही थांबला तं फोन करा, येऊन जातो."

"एवढंच?"

"एवढंच."

स्पॅमात पडलेलं कूलरचं पत्रच त्या महिन्यात पुन्हा गेलं होतं; हे सगळं त्यात होतं, शब्दाला शब्द. महादेवरावांच्या जिभेच्या टोकावर 'पत्रात होतं न हे' असं वाक्य येऊन बसलं, उड्या मारू लागलं, बाहेर पडायला दातांतली फट शोधू लागलं. सखूबाई पडद्याआडून श्वास रोखून पाहत होत्या. महादेवरावांनी बडीशेपेच्या वाटीतून मोठी चिमूट घेतली, तोंडात टाकली, आणि नानाजींची स्कूटर गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत चावत राहिले.